अर्ध्या तासाची प्रश्नोत्तरे : विखुरलेल्या शिक्षकांच्या भेटीचे एक साधन

डोंगरमाथ्यावरील वाडीत एक शाळा असते. तिचा पट ३० ते ४० मुलांचा असतो, वर्ग चार असतात आणि शिक्षक दोन. सन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात; त्यामुळे एका शिक्षकाने एकाच वेळी दोन वर्ग सांभाळणे अशा शाळांत अपरिहार्य ठरते. पहिलीच्या मुलांना अक्षरओळख करून देत असताना त्याच खोलीत बसलेल्या तिसरीच्या मुलांना काय काम द्यावे, हा प्रश्न अशा शिक्षकापुढे दररोज उभा राहतो. तिसरीच्या मुलांचे रोजचे वीस मिनिटे वाया गेले, तर वर्षअखेर त्यांची गणिते कच्ची राहतात, आणि त्याची जाणीव शिक्षकाला बोचत असते.

या अडचणीविषयी बोलायला जवळ कोणी नसते. केंद्रातील दरमहाच्या शिक्षण परिषदेत विषय ठरलेले असतात आणि वेळ अपुरा असतो. शिवाय केंद्रातील इतर शाळा मोठ्या असल्या, तर दोन वर्ग एका खोलीत शिकविण्याचा अनुभव तेथील फार थोड्यांना असतो. तोच अनुभव असलेली दुसरी व्यक्ती दोन तालुके पलीकडे, कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात असते. दोघांची गाठ पडण्याचा मार्गच नसतो.

असा मार्ग अर्ध्या तासाच्या थेट प्रक्षेपणातून निघू शकतो. सन २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा बहुसंख्य शिक्षकांचा दूरस्थ वर्गाशी परिचय झाला. तथापि तेथे शिकविणारा एक आणि ऐकणारे अनेक असा प्रकार होता. येथे विचार करावयाचा आहे तो वेगळ्या प्रकारचा. आपल्याच क्षेत्रातील अनोळखी माणसे शोधणे, त्यांना प्रश्न विचारू देणे आणि त्या प्रश्नांच्या आधारे त्यांच्याशी ओळख करून घेणे, हा त्याचा हेतू होय. यात भाषण हे निमित्त असून प्रश्न हेच मुख्य कार्य असते. हे एकदा ध्यानात घेतले की पुढील सर्व तपशील त्यावरूनच ठरतात.

उदाहरणादाखल अशाच एका द्विशिक्षकी शाळेतील शिक्षिका डोळ्यांसमोर आणता येतील. त्यांच्याकडे पहिली आणि तिसरी असे दोन वर्ग आहेत. त्यांनी कार्यक्रम कसा आखावा, हे क्रमाने पाहिल्यास साऱ्या बाजू स्पष्ट होतील.

विषय : एक सुटलेली आणि एक न सुटलेली अडचण

‘बहुवर्ग अध्यापन’ असा विषय जाहीर केल्यास ऐकायला कोणीही येईल, पण प्रश्न कोणी विचारणार नाही. कारण अशा व्यापक विषयात नेमके काय विचारावे हेच श्रोत्यास सुचत नाही. विषय इतका अरुंद असावा की ज्याची ती अडचण आहे त्याने शीर्षक वाचताच ‘हे माझ्याच वर्गाचे वर्णन आहे’ असे म्हणावे. यास्तव बाईंनी विषय ठरविला : ‘पहिलीला वाचन शिकविताना तिसरीला वीस मिनिटे कोणते काम द्यावे?’

या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांच्यापाशी आहे. तिसरीच्या गणितासाठी त्या तीन पाकिटे वापरतात. पहिल्या पाकिटात एकट्याने सोडविण्याची पाच उदाहरणे असतात. दुसऱ्यात जोडीने करावयाचे काम असते. तिसऱ्यातील काम कधीच संपत नाही. उदाहरणार्थ, गावातील दुकानातील वस्तूंच्या किमती घेऊन मुलांनी स्वतः नवी उदाहरणे रचावयाची. ज्याचे काम लवकर उरकते तो पुढील पाकीट उचलतो. त्यामुळे ‘बाई, झालं!’ असा पुकारा थांबला आणि पहिलीच्या मुलांकडे निवांत लक्ष देता येऊ लागले.

परंतु उत्तराचा दुसरा अर्धा भाग अद्याप सापडलेला नाही. तिसरीच्या मुलांनी केलेले काम तपासावयाचे कोणी? बाई पहिलीत गुंतलेल्या असतात. संध्याकाळी वह्या तपासल्या तर चूक दुसऱ्या दिवशी कळते आणि तोवर मूल ती विसरलेले असते. ही अडचण त्यांनी कार्यक्रमात उघडपणे मांडावी. सर्व काही साधले आहे असे सांगणाऱ्या वक्त्याचे लोक कौतुक करतात. पण ज्याला काही हवे आहे अशा वक्त्याशी ते बोलू लागतात. सुटलेल्या अडचणीमुळे लोक येतात आणि न सुटलेल्या अडचणीमुळे ते बोलते होतात.

निमंत्रण

पाचशे जणांच्या गटात एक संदेश टाकून स्वस्थ बसणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक होय. असा संदेश सर्वांचा असतो, म्हणून तो कोणाचाच नसतो. बाईंनी प्रथम एक यादी करावी. प्रशिक्षणात शेजारी बसलेल्या शिक्षिका, बदली होऊन गेलेले सहकारी, त्यांच्या ओळखीचे द्विशिक्षकी शाळांतील शिक्षक, जुने केंद्रप्रमुख अशी पंचवीस-तीस नावे सहज निघतात. प्रत्येकास स्वतंत्र संदेश पाठवावा आणि त्यात हजर राहण्याच्या विनंतीबरोबर एक प्रश्नही मागावा. तो संदेश पुढीलप्रमाणे असू शकतो :

‘सरांना नमस्कार. आपल्याकडेही पहिली व तिसरी एकत्र आहे असे कळले. येत्या शनिवारी दुपारी ४ ते ४.३० या वेळेत मी माझी तीन पाकिटांची पद्धत थेट प्रक्षेपणातून दाखविणार आहे. तपासणीची अडचण मला अजून सुटलेली नाही. आपण काय करता ते ऐकावयाचे आहे. आपला एक प्रश्न शुक्रवारपर्यंत पाठविल्यास मी त्यानेच सुरुवात करीन. आपल्या माहितीत अशी आणखी एखादी शाळा असल्यास त्यांनाही दुवा पाठवावा.’

या संदेशातील शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. ज्यांना भेटावयाचे ती माणसे अनोळखी आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट ओळखीच्या माणसांतूनच जाते. आगाऊ आलेले तीन-चार प्रश्नही उपयोगी पडतात. सभेत पहिला प्रश्न विचारण्यास कोणी धजत नाही. पहिला प्रश्न हाती असला म्हणजे दुसरा आपोआप येतो.

वेळ ठरविताना श्रोत्यांचा दिवसक्रम पाहावा लागतो. अनेक ठिकाणी शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारी चारची वेळ त्या शिक्षकांना सोयीची पडते. रात्री आठची वेळ स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या शिक्षिकांना बहुधा अडचणीची ठरते. निमंत्रण आठ दिवस आधी, आठवण आदल्या दिवशी आणि केवळ दुवा कार्यक्रमाच्या पंधरा मिनिटे आधी, असे तीन संदेश पुरेसे होतात.

ओसरी आणि माजघर

साधन निवडताना दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. यूट्यूबवरील थेट प्रक्षेपण हे घराच्या ओसरीसारखे असते. तेथे कोणीही यावे, बसावे, ऐकावे. श्रोत्याचा चेहरा दिसत नाही आणि तो लेखी गप्पांच्या चौकटीतूनच बोलू शकतो. गूगल मीट किंवा झूम ही माजघरे होत. तेथे प्रत्येकाचा चेहरा आणि आवाज असतो. मात्र अनोळखी माणूस तेथे एकदम येण्यास संकोचतो. गूगल मीटच्या व्यक्तिगत विनामूल्य खात्यावर तीन वा अधिक जणांची बैठक ६० मिनिटे आणि झूमच्या विनामूल्य खात्यावर ४० मिनिटे चालते. दोन्हींत १०० जणांपर्यंत सामावतात.

अनोळखी सहव्यावसायिकांना भेटणे हा हेतू असल्यास दोन्हींचा क्रमाने उपयोग करणे श्रेयस्कर ठरते. प्रथम अर्धा तास ओसरीवर, म्हणजे यूट्यूबवर. आणि ज्यांना अधिक बोलावयाचे आहे त्यांच्यासाठी त्यानंतर मीटवर वीस मिनिटांची बैठक. खरी ओळख बहुधा या दुसऱ्या बैठकीत होते. परंतु पहिली झाल्याशिवाय दुसरीला माणसे मिळत नाहीत.

यूट्यूबवर प्रथमच प्रक्षेपण करणाऱ्याने दोन गोष्टी आधी जाणून घ्याव्यात. पहिली अशी की, थेट प्रक्षेपणाची सोय मागताच मिळत नाही. दूरध्वनी क्रमांकाची पडताळणी करून सोय सुरू करावी लागते आणि ती चालू होण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी प्रयत्न करणाऱ्याची यात फसगत होते. दुसरी गोष्ट अशी की, भ्रमणध्वनीवरील यूट्यूबमधून प्रक्षेपण करण्यासाठी वाहिनीला किमान ५० वर्गणीदार असावे लागतात. कॅमेरा असलेल्या संगणकावरून studio.youtube.com या ठिकाणी जाऊन प्रक्षेपण केल्यास ही अट आड येत नाही. नव्या वाहिनीसाठी शाळेचा अथवा केंद्राचा संगणक हाच सोयीचा मार्ग होय.

तेथे Create आणि मग Go live निवडून कार्यक्रमाची तारीख-वेळ आधीच नोंदविता येते. तसे केल्यास दुवा आठ दिवस आधी हाती येतो आणि निमंत्रणात देता येतो. कार्यक्रम Public ठेवल्यास तो कोणालाही सापडतो; Unlisted ठेवल्यास दुवा ज्याच्याकडे आहे त्यालाच तो पाहता येतो. निमंत्रितांनी पुढे पाठविलेल्या दुव्यातून माणसे यावीत, पण भलत्यांची गर्दी होऊ नये, यासाठी Unlisted हा पर्याय योग्य आहे. आदल्या दिवशी Private ठेवून पाच मिनिटांची चाचणी अवश्य घ्यावी.

जोडणीच्या वेगाविषयीही एक गैरसमज आढळतो. प्रक्षेपणासाठी माहिती खाली उतरविण्याचा वेग उपयोगी पडत नाही. वर पाठविण्याचा वेग लागतो, आणि तो पुष्कळदा तुलनेने कमी असतो. मध्यम दर्जाच्या चित्रासाठी दर सेकंदास सुमारे ३ मेगाबिट खर्ची पडतात असे धरल्यास अर्ध्या तासात जवळजवळ ६७५ मेगाबाइट इतका साठा लागतो. चाचणीत वेग याच्या दुप्पट दिसला तर निर्धास्त असावे. तो काठावर असेल तर चित्राचा दर्जा उतरवावा. चित्र थोडे अंधुक झाले तरी चालते, पण आवाज तुटला की श्रोता निघून जातो.

न दिसणारे अंतर

अशा कार्यक्रमांतील सर्वांत मोठा घोटाळा एका छोट्या गोष्टीमुळे होतो. बोलणारा जे बोलतो ते श्रोत्यास त्याच क्षणी ऐकू येत नाही. मधले अंतर मांडणीनुसार काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत असू शकते. नव्या वक्त्यास याची कल्पना नसते. तो विचारतो, ‘कोणाला काही प्रश्न?’ दहा सेकंद थांबतो, चौकटीत काहीच येत नाही, तो ओशाळतो आणि ‘प्रश्न नाहीत असे दिसते’ असे म्हणून समारोप करतो. वस्तुतः त्या वेळी दूरच्या श्रोत्यास त्याचा प्रश्न नुकताच ऐकू येत असतो.

हिशेब मांडून पाहिल्यास हे स्पष्ट होते. Low latency हा पर्याय निवडला तरी आवाज पोहोचण्यास सुमारे दहा सेकंद जातात. श्रोता विचार करतो आणि भ्रमणध्वनीवर मराठीत दोन ओळी लिहितो. त्यास चाळीस-पन्नास सेकंद लागतात. प्रश्न वाचून तो निवडण्यास आणखी दहा सेकंद. म्हणजे विचारणा झाल्यापासून पहिला प्रश्न हातात येईपर्यंत एक मिनिटाहून अधिक काळ जातो. हा मिनिट रिकामा सोडावयाचा नसतो, भरावयाचा असतो. बाईंनी आपली मांडणी संपविण्याच्या दीड मिनिट आधीच सांगावे : ‘आपले प्रश्न आता लिहावयास घ्या, तोवर मी तिसऱ्या पाकिटातील दोन कामे दाखविते.’ कामे दाखवून होईपर्यंत प्रश्न आलेले असतात. हे अंतर आणखी कमी करणारा Ultra low latency हा पर्यायही आहे. परंतु कमकुवत जोडणीवर त्यामुळे चित्र वारंवार अडखळते. खेड्यापाड्यांतील श्रोत्यांसाठी मधला पर्यायच बरा.

मदतनीस आणि त्याची वही

बोलणे आणि प्रश्न वाचणे ही दोन कामे एका व्यक्तीकडून नीट होत नाहीत. शेजारच्या शाळेतील एखाद्या गुरुजींनी मदतनीस म्हणून बाईंच्या बाजूस बसावे. ते आपल्या भ्रमणध्वनीवर कार्यक्रम पाहतात. त्याचा आवाज पूर्ण बंद ठेवतात, अन्यथा तो ध्वनिग्राहकात शिरून प्रतिध्वनी घुमू लागतो.

त्यांच्यापुढे एक साधी वही असावी आणि तीत तीन रकाने असावेत : नाव, शाळा व गाव, प्रश्न. दुसरा रकाना भरणे वाटते तितके सोपे नाही. गप्पांच्या चौकटीत श्रोत्याच्या खात्याचे नाव दिसते. पुष्कळ घरांत भ्रमणध्वनीवरील खाते मुलाच्या अथवा भाच्याच्या नावाने उघडलेले असते. त्यामुळे प्रश्न मुख्याध्यापकांचा असूनही नाव भलतेच दिसते. म्हणून प्रारंभीच आणि पुन्हा मध्यावर सांगावे की, प्रश्नासोबत आपले नाव, शाळा आणि तालुका लिहावा. कोणाचा प्रश्न हे कळले नाही, तर भेट झालीच नाही असे समजावे.

आणखी एक अडचण लक्षात घ्यावी. चौकटीत लिहिण्यासाठी श्रोत्यास खात्यात प्रवेश करून स्वतःची वाहिनी तयार असावी लागते. ज्याने पूर्वी कधी तेथे लिहिलेले नाही, त्याच्यापुढे हा अडसर ऐन वेळी उभा राहतो आणि तो गप्प बसतो. यावर साधा उपाय म्हणजे मदतनीसांना व्हॉट्सॲपवरही प्रश्न पाठविण्याची मुभा निमंत्रणातच देणे.

अर्ध्या तासाची वाटणी

पहिली तीन मिनिटे लोक येत असतात. या वेळात मुख्य गोष्ट सांगू नये. ‘आपण कोठून पाहात आहात ते लिहा’ एवढे सांगून आलेली गावांची नावे वाचावीत. त्यायोगे लिहिण्याचा सराव होतो आणि आवाज पोहोचतो किंवा नाही हेही कळते. पुढील आठ मिनिटे मांडणीची. उरलेल्यांपैकी सोळा मिनिटे प्रश्नांची आणि तीन समारोपाची. एका प्रश्नास दोन मिनिटे धरल्यास सोळा मिनिटांत आठ प्रश्न होतात, त्याहून अधिक नाहीत. मांडणी आठऐवजी पंधरा मिनिटे चालली, तर चार प्रश्न कमी होतात, म्हणजे चार माणसांची ओळख कमी होते. हा हिशेब बाईंनी आपल्या टिपणाच्या माथ्यावर लिहून ठेवावा.

उदाहरणातील कार्यक्रम असा कल्पिता येईल. सव्वीस जणांना निमंत्रण गेले. एकोणीस जण उपस्थित आहेत, त्यांपैकी सात जण बाईंना अपरिचित आहेत. गुरुजी वहीतून पहिला प्रश्न वाचतात. तो आगाऊ आलेला आहे : पाकिटे रोज नव्याने भरावी लागतात काय? बाई उत्तरतात की, नाही. एक संच पंधरा दिवस फिरतो, कारण सर्व मुले एकाच दिवशी एकाच पाकिटावर नसतात. दुसरा आणि तिसरा प्रश्न असेच थोडक्यात आटोपतात. त्यानंतर बाई आपली न सुटलेली अडचण मांडतात : ‘तपासणीचे आपण काय करता? ज्यांनी काही करून पाहिले असेल त्यांनी लिहावे.’

ही विचारणा कार्यक्रमाचा गाभा होय. आतापर्यंत प्रश्न श्रोत्यांकडून येत होते. आता वक्ता विचारतो आणि श्रोता जाणकार ठरतो. दीड मिनिटाने दुसऱ्या जिल्ह्यातील एका शिक्षकाचा मजकूर येतो आणि गुरुजी तो नावगावासह मोठ्याने वाचतात : ‘उत्तरांचे पाकीट खिडकीत ठेवतो. मूल स्वतः ताडून पाहते आणि चुकलेल्या उदाहरणाभोवती लाल गोल करते. मी फक्त लाल गोल पाहतो.’

बाई लगेच शंका विचारतात, ‘सर, मुले उत्तर आधीच पाहात नाहीत का?’ उत्तर येईपर्यंतच्या मिनिटात त्या दुसरा एक छोटा प्रश्न घेतात. मग मजकूर येतो : ‘पहिला आठवडा पाहतात. म्हणून वजाबाकीला उत्तर ठेवलेच नाही, पडताळा ठेवला.’ बाई फळ्यावर लिहून दाखवितात : ५२ वजा २७ बरोबर २५, आता २५ अधिक २७ करून पाहावे, ५२ आले तर उत्तर बरोबर. येथे लपवावयास उत्तरच नाही. मूल आपले काम आपणच तपासते आणि त्यातून बेरीज-वजाबाकीचा संबंधही शिकते. तत्क्षणी आणखी तिघे लिहू लागतात. एक शिक्षिका विचारते, ‘भागाकाराला हे चालेल का?’ बाई उत्तर न देता तो प्रश्न त्या सरांकडेच सोपवितात. श्रोते एकमेकांशी बोलू लागले म्हणजे कार्यक्रम साधला असे मानावे.

काय बिघडते

जोडणी तुटणे हा प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. त्याविषयी आधीच सांगून ठेवावे : ‘चित्र थांबल्यास पाच मिनिटे वाट पाहावी, गुरुजी व्हॉट्सॲपवर पुढील सूचना देतील.’ आधी सांगितले असल्यास लोक थांबतात. न सांगितल्यास कार्यक्रम संपला असे समजून निघून जातात.

एकच उत्साही श्रोता दहा प्रश्न विचारतो, असेही घडते. त्याचा पहिला प्रश्न घ्यावा आणि उरलेले बैठकीत घेऊ असे नावानिशी सांगावे. बदल्या, वेतन किंवा एखाद्या शासकीय निर्णयावरील टीका यांकडे चर्चा वळली, तर वक्त्याने ती तेथेच थांबवावी. बोलणारा सेवक वर्तणूक नियमांनी बांधलेला असतो आणि प्रक्षेपण संपल्यावर त्याची नोंद वाहिनीवर राहते. याच कारणास्तव कार्यक्रमाची कल्पना वरिष्ठांना आधी लेखी द्यावी. मुलांचे चेहरे, नावे अथवा गुण दाखवू नयेत. पाकिटे दाखविणे पुरे. श्रोत्यांनी आपले दूरध्वनी क्रमांक उघड्या चौकटीत लिहू नयेत. ते मदतनीसांकडे स्वतंत्रपणे पाठवावेत.

प्रक्षेपण संपल्यावर

कार्यक्रम साडेचार वाजता संपतो, परंतु काम तेथे संपत नाही. मीटवरील बैठकीचा दुवा समारोपातच दिलेला असतो. उदाहरणात पाच जण तेथे येतात. त्यांत खिडकीत पाकीट ठेवणारे सर आहेत आणि भागाकाराचे विचारणाऱ्या बाईही आहेत. वीस मिनिटांत पाचही जण आपापल्या वर्गाची रचना सांगतात आणि प्रत्येकाने एका विषयाची दहा कार्डे तयार करून सर्वांना पाठवावीत असे ठरते. एकट्याने पन्नास कार्डे करण्याचे ओझे पाच जणांत वाटले जाते.

त्याच संध्याकाळी बाई वही घेऊन बसतात. अकरा प्रश्न आले होते. सात झाले, चार राहिले. राहिलेल्या चौघांना त्या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणे लिहून पाठवितात, आणि ज्यांनी काही सुचविले त्यांना ‘सोमवारी करून पाहते आणि कळविते’ असे लिहितात. हे पत्रोत्तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. ज्याने अनोळखी माणसाला प्रश्न विचारण्याचे धाडस केले, तो त्याच दिवशी उत्तराची वाट पाहात असतो. आठवड्याने गेलेल्या उत्तरात ती ऊब राहात नाही. आणि ‘कळविते’ असे लिहिले असल्यास पुढील शनिवारपर्यंत खरोखरच कळवावे, फसले असले तरीही.

यश कशावरून मोजावे? प्रक्षेपण किती जणांनी पाहिले हा आकडा पडद्यावर ठळक दिसतो, म्हणून त्यालाच महत्त्व दिले जाते. तथापि चारशे जणांनी पाहिले आणि कोणाचेच नाव वहीत आले नाही, तर ते एक भाषण झाले, भेट नव्हे. महिन्यानंतर वही उघडून पाहावे की, यातील किती जणांशी अद्याप बोलणे चालू आहे. उदाहरणातील बाईंच्या वहीत असे तिघे आहेत. एकोणीसपैकी तिघे हे प्रमाण अल्प वाटेल. परंतु महिन्यापूर्वी हा आकडा शून्य होता.

त्या शाळेच्या खिडकीत आता एक चौथे पाकीट आहे. तिसरीतील मूल वजाबाकी करते, उलट बेरीज मांडून पाहते आणि जमले नाही तर लाल गोल करून वही बाजूस ठेवते. पहिलीची मुले अक्षरे गिरवीत असतात. मधल्या सुट्टीत बाईंना दहा वह्या पाहावयाच्या नसतात. चार लाल गोल पाहावयाचे असतात, आणि ज्याने ते काढले ते मूल अजून समोरच असते.